पाच तारीख, आणि पगार झाला

५ ऑक्टोबर, रात्र

सकाळी साडेनऊला वॉचमनकाकांच्या खात्यात १३,००० आणि सफाईच्या मावशींच्या खात्यात ६,५०० रुपये टाकले. दुपारी खाली उतरले तेव्हा काका म्हणाले, "ताई, गावाकडं पाठवले पण." त्यांची मुलगी नांदेडला बारावीला आहे, क्लासची फी दहा तारखेच्या आत भरावी लागते. मागच्या वर्षी याच महिन्यात त्यांना पगार सतरा तारखेला मिळाला होता. तेव्हा फी कशी भरली, हे मी विचारलंही नव्हतं. नंतर कळलं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून उचल घेतली होती.

आमची बिल्डिंग सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत, चौदा फ्लॅटची. सोसायटीची नोंदणी अजून झालेली नाही, त्यामुळे ऑफिस नाही, पावतीपुस्तक नाही. गेली कित्येक वर्षं पद्धत एकच होती. महिना संपला की काकांनीच संध्याकाळी जिने चढून दारोदार जायचं आणि पगाराचे पैसे गोळा करायचे. कुणी द्यायचं, कुणी "उद्या या" म्हणायचं, कुणी "साहेब बाहेर गेलेत" सांगायचं. रात्रभर आपल्या गेटवर बसणाऱ्या माणसाने स्वतःच्या पगारासाठी चौदा दारांवर उभं राहायचं, आणि ते आम्हा कुणाला खटकत नव्हतं. मलाही नाही. याची मला आजही लाज वाटते.

मार्चमध्ये त्यातूनच मोठं भांडण झालं. अकरा नंबरच्या आजोबांनी काकांकडे रोख दिले होते, काकांना वाटलं नऊ नंबरचे. मग बोर्डावर लागलेल्या थकबाकीच्या यादीत आजोबांचं नाव आलं. ते इतके दुखावले की आठ दिवस खाली फिरायला उतरले नाहीत. त्यानंतर हिशोब मी घेतला, आणि पहिली गोष्ट ठरवली ती ही, की काकांच्या हातात कुणीही रोख द्यायची नाही.

रक्कम ठरवायला दोन संध्याकाळी लागल्या. आधी माणशी हजार-दीड हजार असं अंदाजानं चालायचं आणि शेवटी काही ना काही कमी पडायचं. कारण पगार म्हणजे फक्त १३,००० आणि ६,५०० नव्हे. काकांना आठवड्याची एक सुट्टी असते, त्या दिवशी बदली वॉचमन येतो आणि तो दिवसाचे ४५० घेतो. चार आठवड्यांचे झाले १,८००. शिवाय दिवाळीला दोघांना एकेका पगाराइतका बोनस, म्हणजे १९,५००. तो दर दिवाळीला ऐनवेळी मागायचा आणि दर दिवाळीला त्यावरून वाद व्हायचे. त्याचा बारावा भाग, १,६२५, दरमहा बाजूला टाकायचं ठरलं. एकूण झाले २२,९२५. चौदांनी भागले तर १,६३७ रुपये ५० पैसे येतात. आम्ही फ्लॅटमागे १,६५० केले. त्यामुळे महिन्याला वर उरणारे १७५ कुणाला फुकटचे वाटतील, पण वर्षात आठवडे बावन्न असतात, अठ्ठेचाळीस नाही. त्या चार जास्तीच्या सुट्ट्यांचे १,८०० याच पैशांतून निघतात.

वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. एक बेडरूमवाले म्हणाले, आमचा फ्लॅट लहान, आम्ही कमी देणार. आणि पाच नंबरवाले परदेशात असतात, ते म्हणाले, आमचं घर तर बंदच आहे. मी आदर्श उपविधींचा आधार घेतला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांसाठी असलेल्या या नियमांत वॉचमन आणि सफाईचा खर्च सेवा शुल्कात मोडतो, आणि सेवा शुल्क सगळ्या सदनिकांवर सारखं वाटलं जातं. पुण्यात ज्या इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, तिथे मात्र ते प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं येतं. आमची अजून दोन्हींत बसलेली नाही, तेव्हा सगळ्यांनी बसून समान वाटणी मान्य केली आणि कागदावर सह्या केल्या. बंद घराच्या दारालाही राखण लागतेच, किंबहुना जास्त लागते, हे पाच नंबरवाल्यांना फोनवर पटलं.

तारखेचं गणित मला आधी उलटं सुचलं होतं. पगार पाचला, म्हणून पैसे पाचपर्यंत. पण एकाचेही पैसे अडकले की पगार अडकतो. आता पंचवीसला मेसेज जातो, शेवटची तारीख तीन, पगार पाच. नोकरीवाल्यांचा पगार एक तारखेच्या आसपास होतो, पेन्शनही त्याच्या आधी येते, त्यामुळे तीन कुणाला अडचणीची नाही. तरीही कुणीतरी चुकतंच. म्हणून एप्रिलमध्ये प्रत्येकाकडून एका महिन्याचे १,६५० एकदाच ठेव म्हणून घेतले, म्हणजे २३,१०० रुपये. ज्यांचे पैसे आले नाहीत तेवढे त्या ठेवीतून पगाराला जातात आणि उशिराचे आले की ठेव पुन्हा भरते. आधीचे हिशोबनीस ही तूट स्वतःच्या खिशातून भरायचे. भल्या मनाने भरायचे, पण त्यामुळे कोण किती मागे आहे हे कुणाला दिसायचंच नाही, आणि एक दिवस त्यांनी कंटाळून काम सोडलं.

ठेवीला मर्यादा आहे. तीन फ्लॅट लागोपाठ थकले, तर महिन्याला ४,९५० उपसले जातात आणि पाचव्या महिन्यात ती पुरत नाही. म्हणून दुसरा महिना चुकला की मी मेसेज करत नाही, दार वाजवते. भाडेकरू असेल तर मूळ मालकालाच फोन करते. भाडेकरू निघून गेला की थकबाकी मागायला दुसरं कुणी उरत नाही, हे सात नंबरच्या अनुभवातून शिकले.

पैसे कुणाचे आले हे ओळखणं हे वेगळंच काम. खात्यात नाव दिसतं ते कधी सुनेचं, कधी मुलाचं. नोंदीत फ्लॅट नंबर लिहा म्हटलं तर निम्मे विसरतात. मग पैशांची युक्ती केली. तीन नंबरने १,६५०.०३ पाठवायचे, बाराने १,६५०.१२. आता नाव कुणाचंही असो, शेवटचे दोन आकडे पाहिले की फ्लॅट कळतो. अकराचे आजोबा दर महिन्याला १,६५०.११ चा आकडा नातवाकडून तपासून घेतात आणि मला फोन करून "आलं का?" विचारतात. खातं माझं एकटीचं नाही, दोन नंबरच्या काकूंबरोबर जोडीचं आहे, आणि महिन्याचं विवरण सगळ्यांना जातं.

आज बारा फ्लॅटचे आले. नऊ आणि चौदा बाकी, दोघांचे मिळून ३,३०० ठेवीतून घेतले. मावशींना सांगितलं नाही, त्यांना कळायचं कारण नाही.

एक गोष्ट राहिली आहे. बोनसची बचत एप्रिलपासून सुरू झाली. दिवाळी आठ नोव्हेंबरला, तोवर आठ हप्ते जमतील, म्हणजे १३,०००. लागणार १९,५००. कमी पडलेले ६,५०० यंदापुरते फ्लॅटमागे ४६५ घेऊन भरावे लागतील. पंचवीसच्या मेसेजमध्ये हे वेगळ्या ओळीत, कारणासकट लिहायचं, आणि पाठवण्याआधी काकूंकडून एकदा वाचून घ्यायचं.