बिलाच्या तळाशी बघा

आज सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "महानगरची खरी वेबसाइट कुठली?" महानगर गॅस की महानगर टेलिफोन, इथूनच गोंधळ!

गूगलवर शोधू नका, वर 'प्रायोजित' लिहिलेला निकाल कुणाचाही असू शकतो. गॅसचं जुनं छापील बिल काढा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १२नुसार बिलावर पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, २१ अक्षर-अंकी सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, आणि वेबसाइट असेल तर तिचा पत्ता छापावाच लागतो. सीआयएनमध्ये MH1995PLC दिसलं, तर महाराष्ट्रात १९९५ साली नोंदलेली पब्लिक लिमिटेड कंपनी. नावं सारखी असतील, पण हा क्रमांक सारखा नसतो.

बिलावरचा mahanagargas.com हा पत्ता हाताने टाईप करा. अ‍ॅपसुद्धा तिथल्याच लिंकवरून घ्या. प्ले स्टोअरवर अ‍ॅपखाली डेव्हलपरची वेबसाइट दिसते, तिचं डोमेन बिलाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. मध्येच '-bill' किंवा '-pay' घुसलं असेल तर तिथेच थांबा.

आणि निळी टिक? ती हल्ली पैसे भरूनही मिळते. फेसबुक पेजवरून साइटवर जाता येतं, एवढं पुरेसं नाही; तशी लिंक कुणीही लावेल. साइटवरून त्याच पेजवर पोचता येतंय का, ते बघा.

बिल फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणून आलं असेल तर मात्र ते पुरावा धरू नका. तुमच्या घरी छापील बिल येतं अजून?