डाऊ जोन्सचा नव्वद वर्षांचा चार्ट: लिनिअर आणि लॉग स्केलची नोंदवही

दीर्घकालीन चार्टच्या प्रकल्पात आता डाऊ जोन्सचे १९२९ ते २०२० पर्यंतचे रोजचे बंद भाव एकत्र लावून झाले आहेत. तीच आकडेवारी दोन कागदांवर छापली, दोन्हींची उंची ३० सेंटिमीटर. एकावर लिनिअर स्केल, दुसऱ्यावर लॉग. मग पट्टी घेऊन बसलो आणि नावाजलेल्या घसरणी मोजल्या.

लिनिअर कागदावर अक्ष ० ते ३०,००० आहे, म्हणजे एका सेंटिमीटरला हजार अंक. १९२९ च्या ३ सप्टेंबरला डाऊ ३८१.१७ वर होता आणि ८ जुलै १९३२ ला ४१.२२ वर. जवळपास नव्वद टक्के मूल्य गेलं. कागदावर ही घसरण साडेतीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. रेषेच्या जाडीत ती चक्क हरवते. याउलट २०२० चा फेब्रुवारी-मार्च घ्या: २९,५५१ वरून १८,५९२ वर, म्हणजे ३७ टक्के. ही घसरण त्याच कागदावर अकरा सेंटिमीटरची आहे. नवख्या माणसाने हा चार्ट पाहिला तर त्याला वाटेल की आधीची सत्तर वर्षं बाजार झोपला होता आणि खरी उलथापालथ अलीकडेच सुरू झाली.

लॉग कागदाचा अक्ष ४० ते ३०,००० ठेवला. इथे सारखं अंतर म्हणजे सारखी पट. ४० वरून ८० ला जायला जेवढी उंची लागते, तेवढीच १५,००० वरून ३०,००० ला. या कागदावर १९२९-३२ ची घसरण दहा सेंटिमीटर आणि २०२० ची दोन सेंटिमीटरच्या आसपास भरली. १९ ऑक्टोबर १९८७ चा दिवस, ज्यात डाऊ ५०८ अंकांनी म्हणजे २२.६ टक्क्यांनी पडला, लिनिअरवर अर्धा सेंटिमीटर आहे आणि लॉगवर सव्वा सेंटिमीटरच्या जरा खाली. ज्याच्या हातात शेअर होते त्याचं किती टक्के गेलं, याच्याशी लॉग कागदावरची मापं जुळतात. अंकांची घसरण डोळ्यांत भरते, पण डाऊ ४०० वर असताना आणि ३०,००० वर असताना शंभर अंकांचा अर्थ एक नसतो.

इथवरचं बऱ्याच जणांना माहीत असतं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती ट्रेंडलाइनची गोष्ट, कारण तिथे स्केल बदललं की निष्कर्षच बदलतो.

दोन मोठे तळ घेतले: ८ जुलै १९३२ चा ४१.२२ आणि १२ ऑगस्ट १९८२ चा ७७६.९२. मध्ये पन्नास वर्षांहून थोडा जास्त काळ आहे. या दोन बिंदूंतून लिनिअर कागदावर सरळ रेषा काढली की ती वर्षाला सुमारे १४.७ अंक चढते. १९३२ मध्ये १४.७ अंक म्हणजे ३५ टक्क्यांहून जास्त वाढ, आणि १९८२ मध्ये तेवढेच अंक म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. दिसायला सरळ असलेली ही रेषा सतत मंदावत जाणारी वाढ दाखवते. इतक्या लांब काळासाठी असं गृहीत धरायला मला कुठलंच कारण दिसत नाही. त्याच दोन बिंदूंतून लॉग कागदावर काढलेली सरळ रेषा म्हणजे दरवर्षी साधारण सहा टक्के चक्रवाढ.

मधल्या काळात या दोन रेषा एकमेकींपासून खूप दूर जातात. १९५७ च्या मध्यावर लिनिअर रेषा ४०९ च्या आसपास आहे, लॉग रेषा १७९ वर. मग मधले मोठे तळ दोन्ही रेषांवर तपासले. २८ एप्रिल १९४२ ला डाऊ ९२.९२ वर होता. लिनिअर रेषा तेव्हा १८५ वर, म्हणजे भाव रेषेच्या निम्म्यावर. लॉग रेषा ७३ वर, म्हणजे भाव तिच्या वर. १३ जून १९४९ चा तळ १६१.६० होता, तेव्हा लिनिअर रेषा २९० आणि लॉग रेषा १११. ६ डिसेंबर १९७४ च्या ५७७.६० ला लिनिअर रेषा ६६४ वर आणि लॉग रेषा ४९५ च्या आसपास. तिन्ही वेळा तोच प्रकार: लिनिअर कागदावर ‘आधार तुटला’ असं वाचलं जाईल, लॉग कागदावर आधाराला धक्काही लागलेला नाही. भाव तेच, बिंदूही तेच.

लॉग रेषा म्हणजे निसर्गनियम नव्हे, हेही याच कागदावर दिसतं. १९८२ चा बिंदू आपण तो घडून गेल्यावर निवडला आहे. शिवाय रेषा पुढे वाढवली तर मार्च २०२० ला ती सात हजारांच्या आसपास पोचते आणि बाजाराचा तेव्हाचा तळ तिच्या अडीच पटींहून वर आहे.

रेषा स्वतः प्रोग्रॅममधून काढणाऱ्यांनी एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. दोन बिंदूंमधल्या प्रत्येक तारखेची किंमत साध्या अंकांत काढली आणि मग अक्ष लॉग केला, तर रेषा वरच्या बाजूला फुगून वाकते. रेषा वाकलेली दिसली की समजायचं, ती लिनिअर स्केलची आहे. आधी लॉग घ्यायचा, मग मधल्या किमती काढायच्या:

```
y = np.exp(np.interp(t, [t1, t2],
                     [np.log(p1), np.log(p2)]))
ax.plot(t, y)
ax.set_yscale('log')
```

तयार चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये वेगळीच गंमत होते. तिथे हाताने काढलेली रेषा दोन टोकांना चिकटलेली असते. स्केल बदललं की टोकं तिथेच राहतात, रेषा मात्र नव्या स्केलवर पुन्हा सरळ ओढली जाते, त्यामुळे ती मधल्या भावांना वेगळ्याच ठिकाणी छेदते. म्हणून कोणी ट्रेंडलाइन तुटल्याचं चित्र दाखवलं, तर मी आधी उजवीकडचे आकडे बघतो. १००, २००, ४०० यांच्यातलं अंतर सारखं असेल तर स्केल लॉग. १००, २००, ३०० सारख्या अंतरावर असतील तर लिनिअर.

लॉग सगळीकडे वापरावं असं मात्र नाही. काही आठवड्यांच्या चार्टवर भाव दहा टक्क्यांच्या पट्ट्यात फिरत असेल तर दोन्ही चित्रं जवळजवळ एकसारखीच दिसतात. माझा अंदाज असा की चार्टवरचा सर्वोच्च भाव नीचांकाच्या दुप्पट झाला की फरक पडू लागतो, आणि पाचपट झाला की लिनिअरवर रेषा काढूच नये. दुसरी मर्यादा कडक आहे: शून्य आणि त्याखालच्या किमतींना लॉग नसतो. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. लॉग अक्षावर तो दिवस दाखवताच येत नाही, आणि काही प्रोग्रॅम तो बिंदू न सांगता गाळून टाकतात. रेषेत अचानक खंड दिसला तर मूळ आकडे उघडून बघा.

महागाईचा प्रश्न लॉगने सुटत नाही. डाऊच्या सहा टक्क्यांतला काही भाग निव्वळ डॉलरची किंमत घटल्याचा आहे, आणि या निर्देशांकात लाभांश धरलेला नाही. पुढच्या फेरीत भावांना अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने भागून तिसरा कागद छापायचा आहे. त्यानंतर जपानचा निक्केई: डिसेंबर १९८९ चं ३८,९१५ चं शिखर आणि मार्च २००९ चा ७,०५५ च्या आसपासचा तळ. पट साडेपाच भरते, म्हणजे स्केल लॉगच.