गडव्याचं बूड

डिसेंबरातली दुपार. खामल्यातल्या आमच्या गच्चीवर चटई टाकून मी संत्रं सोलत बसले होते. शेजारची गार्गी जिना चढून आली आणि कागद माझ्यापुढे धरला.

"काकू, बघा ना. क्लासच्या सरांनी नुसतं 'प्रपोर्शन' लिहून परत दिलं."

डिझाइनच्या प्रवेश परीक्षेचा सराव. पितळेचा गडवा, दोन संत्री, खाली चुरगळलेला टॉवेल. माझी एक खोड आहे, चित्रात गडवा दिसला की मी आधी त्याचं बूड बघते. तोंड सगळेच जपून काढतात. गार्गीनेही काढलं होतं, छान लंबगोल. बूड मात्र पट्टी ठेवून ओढल्यासारखं सरळ. टेबल सपाट, म्हणून बूडही सपाट, असा हा हिशोब असतो.

मी पाण्याचा गिलास तिच्या डोळ्यांसमोर धरला. काठ नुसती रेघ झाला. गिलास हळूहळू खाली नेला तसा काठ उघडत गेला. म्हणजे नजरेपासून जितकं खाली, तितकं वर्तुळ जास्त उघडं. मग गडव्याचं बूड तर तोंडापेक्षाही खाली आहे, त्याची पुढची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वाकायला हवी. "अरे हो," म्हणाली आणि स्वतःच गिलास वरखाली करत बसली. पाणी सांडलं.

सरांचं 'प्रपोर्शन' वेगळं होतं. गडवा उंच झाला होता. खालून तिने खरा गडवाच आणला. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठा सरकवून मापलं, तर रुंदी एक धरली की उंची सव्वा भरत होती. कागदावर रुंदी 8 सेंटीमीटर आणि उंची 12. दहा हवी होती. कुठे बसून काढलंस विचारलं, तर म्हणे जमिनीवर, कागद पुढ्यात आडवा. मी कागद तसाच चटईवर ठेवला आणि तिला मागे बसवलं. तिथून गडवा अगदी बरोबर दिसत होता! आडव्या कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो, उभी मापं आखूड दिसतात, आणि हात नकळत ती ताणून घेतो. म्हणून बोर्ड मांडीवर तिरपा टेकवायचा, आणि मधूनमधून चित्र भिंतीशी उभं करून लांबून बघायचं.

आमचे ड्रॉइंगचे सर याहून कमी बोलायचे. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राची तयारी चालली होती. मी आजीचा गडवा काढून नेला. सरांनी कागद उलटा धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हा कोणाच्या घरचा?" आमच्याच, म्हटलं. खोटं नव्हतं, पण आजीच्या गडव्याला पोटाशी मोठा पोचा होता आणि मी तो गाळला होता. सरांना कसं कळलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तीच युक्ती मी गार्गीच्या कागदावर केली. उलटा धरला की वस्तूची ओळख पुसते आणि आकार तेवढा उरतो. डावा खांदा चक्क बसलेला दिसला. "इथे बघ, दोन्ही बाजू सारख्या नाहीत."

"काकू, पोचा आहे तो," गार्गी म्हणाली आणि गडवा फिरवून दाखवला.

होता. मी ओशाळले. पण गप्प बसेन तर काकू कसली! परीक्षकापुढे तुझा गडवा नसतो, कागद असतो. त्याला हा पोचा वाटायला हवा, हात चुकलेला नव्हे. पितळेवर उजेडाची पांढरी पट्टी वरून खाली सलग उतरत होती. पोच्यापाशी ती तुटून बाजूला सरकत होती, आणि लगेच शेजारी गडद कड होती, मधे करडी छटाच नाही. गार्गीने तिथे बोटाने मऊसूत घासून ठेवलं होतं. संत्र्यावर ते चालतं, तिथे उजेड हळूहळू अंधारात विरतो. पितळ असं विरत नाही. खोडरबराचा कोपरा धारदार कापून पट्टी तोडायची आणि शेजारी 6बी दाबायची.

तिने तिथेच बसून केलं. पोचा दिसू लागला. एक संत्रं गडव्याच्या कडेला नेमकं टेकलं होतं, दोन्ही एकमेकांना चिकटल्यासारखी. ते निम्मं मागे सरकव, म्हणून सांगायचं होतं. पण तोवर ऊन गच्चीच्या कठड्यापलीकडे गेलं होतं, सावल्यांनी दिशा बदलली होती, आणि मांडणीतलं ते संत्रं गार्गीने सोलायला घेतलं होतं.