अमावस्येचा मेसेज

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला हा त्सुनामीचा मेसेज वाचायला बोटाने चार वेळा वर सरकवावा लागतो. सुरुवातीला लाल त्रिकोण, मग १९४५, मग २००४, मध्येच एक आरती, शेवटी हात जोडून ‘किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला पाठवा’. एवढ्या पसाऱ्यात नेमकं म्हणणं काय, ते दोन ओळींत काढायचं ठरलं.

पुतण्याने लिहिलं, ‘त्सुनामीची अफवा.’ हा झाला निकाल, आणि तोही सुनावणीआधी. वहिनीने लिहिलं, ‘अमावस्येला समुद्र खवळू शकतो, जपा.’ वाचायला समंजस, पण माझ्या मते ही ओळ जास्त घातक. मेसेज म्हणतो ‘येणारच’. वहिनीने त्याचं ‘शकतो’ केलं. समुद्र खवळू शकतो हे कोण नाकारेल? दावा इतका सौम्य केला की तो खोटा ठरूच शकत नाही, मग तपासायचं काय?

शेवटी जमलेल्या दोन ओळी अशा:

‘येत्या अमावस्येच्या रात्री कोकण किनाऱ्यावर त्सुनामी येणार, असा दावा आहे. आधार म्हणून १९४५ व २००४ च्या त्सुनामी, अमावस्येची मोठी भरती आणि “शास्त्रज्ञांचा इशारा” दिला आहे. शास्त्रज्ञांचं वा संस्थेचं नाव दिलेलं नाही.’

मेसेज पाठवणाऱ्या काकांना दाखवलं. ‘हो, हेच म्हटलंय,’ म्हणाले. ज्याने पाठवलं त्यालाही सारांश मान्य हवा, नाहीतर पुढचा वाद सारांशावरच होतो.

आता गंमत अशी की आधारातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या. अमावस्येला उधाण येतं, हे तर इथलं पोरही सांगेल. पण खऱ्या वाक्यांच्या गर्दीत दावा लपतो. दोन ओळींत तो एकटा उभा राहिला की आधाराशी त्याचं नातं दिसतं. उधाण चंद्र-सूर्याच्या ओढीने येतं, त्सुनामी बहुतेक वेळा समुद्रतळ भूकंपाने हलल्यामुळे. काका म्हणाले, २६ डिसेंबर २००४ ला पौर्णिमा होती, म्हणजे उधाणच! होती खरी. पण १९४५ ची तारीख पंचांगाने पाहिली तर कृष्णपक्षाची अष्टमी-नवमी निघते, म्हणजे भांगाचे, कमी भरतीचे दिवस. शिवाय भूकंपाची तारीख आधी सांगणं आजवर कुणाला जमलेलं नाही. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था त्सुनामीचा इशारा देते, तो भूकंप नोंदला गेल्यावर.

काका जरा वेळ गप्प बसले. मग विचारलं, ‘म्हणजे होडी वर ओढायची नाही?’

‘ओढा की. उधाण आहेच.’