गृहकर्ज फिटलं, पण कागद हाती यायला सहा आठवडे लागले

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता ५ एप्रिलला खात्यातून गेला. दोन दिवसांनी नो ड्यूज सर्टिफिकेट मागायला बँकेत गेलो, तर ५९० रुपये बाकी निघाले. तीन वर्षांपूर्वी एक हप्ता बाउन्स झाला होता, त्याचा दंड ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. हा दंड हप्त्यात धरला जात नाही, म्हणून हप्ते संपले तरी तो खात्यावर तसाच राहिला. पैसे भरले आणि १२ एप्रिलला खातं बंद झालं. शून्य बाकीचं स्टेटमेंट त्याच दिवशी मागून घेतलं.

ही तारीख महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. त्यामुळे आमची मुदत ५ नव्हे, १२ मेपर्यंत होती.

नो ड्यूज आठवड्यात मिळालं. त्यावरचा कर्ज खाते क्रमांक आणि सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव तिथेच तपासलं.

कागदांसाठी २ मेला बोलावलं. कर्ज घेताना बँकेने जमा कागदांची सही-शिक्क्याची यादी दिली होती, ती मी जपून ठेवली होती. पाकीट काउंटरवरच उघडलं आणि एकेक कागद यादीशी ताडून पाहिला. आमचा करारनामा, नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं होतं. पण आमच्या आधीच्या मालकाने बिल्डरशी केलेला मूळ करारनामा नव्हता. त्या जागी झेरॉक्स होती. फ्लॅट विकताना मालकीची साखळी दाखवायला हाच कागद लागतो.

अधिकारी म्हणाले, "साहेब, सही करा, उरलेला आला की फोन करतो." पोचपावतीवर ‘सर्व कागदपत्रे मिळाली’ असं छापलेलं होतं. तशी सही केली असती तर पुढे काही मागायला जागाच राहिली नसती. मी मिळालेल्या कागदांपुढे खूण केली, ‘पहिला मूळ करारनामा मिळालेला नाही’ असं हाताने लिहिलं आणि मगच सही केली. त्याच मजकुराचं पत्र दिलं आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. मला वाटतं, सगळं त्या शिक्क्यावर फिरलं.

करारनामा दुसऱ्या फाइलमध्ये गेला होता. तो १६ मेला मिळाला, म्हणजे मुदतीनंतर चार दिवसांनी. मी भरपाईचा लेखी अर्ज दिला, सोबत शून्य बाकीचं स्टेटमेंट आणि त्या पत्राची प्रत जोडली. तीन आठवड्यांनी २०,००० रुपये जमा झाले. कागद खरोखर हरवला असता तर बँकेला आणखी ३० दिवस मिळाले असते, पण प्रमाणित प्रत काढायला मदत आणि तिचा खर्च बँकेकडेच असता.

एक काम उरलं होतं. सोसायटीच्या दप्तरात फ्लॅटवर बँकेचा बोजा नोंदलेला होता. नो ड्यूजची प्रत देऊन तो काढून घेतला, आणि ‘बोजा नाही’ असं सचिवांच्या सहीचं पत्र आता त्याच पाकिटात ठेवलं आहे.