अरोकेरिया, भाग ४: झाड आडवं झालं आणि जागा बदलली

गेल्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की नाताळचं झाड म्हणून सजवायच्या आमच्या कुंडीतल्या अरोकेरियासाठी टीव्हीशेजारचा कोपरा पक्का, आता फक्त रोषणाई बाकी. गुरुवारी संध्याकाळी झाड आडवं झालं.

भाचा शाळेतून आला आणि दप्तर पाठीवर ठेवूनच टीव्हीकडे धावला. टीव्हीच्या कपाटामागच्या एक्स्टेंशन बोर्डापासून झाडापर्यंत माळेची वायर हातभर लोंबत होती, ती दप्तराच्या बंदात अडकली. ताईने ओरडेपर्यंत साडेसहा फुटांचं झाड सोफ्याच्या हातावर टेकलं होतं. शेंडा वाचला, हे नशीब. पण त्याच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्याने येतात, त्यातल्या खालच्या मजल्याच्या दोन खोडापाशीच तुटल्या. अरोकेरियाची तिथली फांदी गेली की त्या जागी दुसरी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मागच्या वर्षी नाताळनंतर फेब्रुवारीपर्यंत त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून मी सगळ्यात खालचा अख्खा मजला सुकवला होता. तरी अक्कल आली नाही.

भाच्याला कुणी रागावलं नाही, कारण चूक कुंडीची होती. सामान तोलायचा हुकवाला काटा खोडाला साडेचार फुटांवर अडकवला आणि कुंडीची कड उचलेपर्यंत हळूहळू ओढला. काट्यावर दोन किलोसुद्धा भरले नाहीत! कुंडी चौदा इंची आहे खरी, पण ते माप तोंडाचं. बूड जेमतेम दहा इंच. त्यात नर्सरीवाल्याने भरून दिलेलं हलकं कोकोपीट, ते सुकल्यावर कुंडी, माती, झाड मिळून वीस किलो. वीस किलोला पाच इंचांचा आधार आणि ओढ चोपन्न इंचांवर, म्हणजे हिशेब पावणेदोन-दोन किलोच्या आसपासच येतो. नर्सरीवाले कोकोपीट भरतात ते त्यांना टेम्पोत चढवायला सोपं जावं म्हणून, असं माझं ठाम मत झालंय.

उपाय म्हणून फळांची जुनी लाकडी पेटी काढली, वीस इंची चौकोनी. तळाला कुंडी, चारी बाजूंनी सहा विटा घट्ट ठोकून बसवल्या. नुसत्या ठेवलेल्या विटा उपयोगाच्या नाहीत, कारण कुंडी पेटीतल्या पेटीत कलंडते. मोकळ्या जागेत लाकडाच्या पाचरी मारल्या. आता वजन चाळीसच्या आसपास आणि आधार दहा इंचांचा. काट्याने पुन्हा ओढलं, सात किलोला कड उचलली. पेटीवर गोणपाट गुंडाळलं तर आई म्हणाली, "आता कसं गोठ्याला शोभेल असं दिसतं."

पण पेटी एवढी रुंद झाली की त्या कोपऱ्यात मावेना. म्हणजे जागेचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. आमचा हॉल बारा फूट रुंद. पूर्वेला पुढचं दार, पश्चिमेला स्वयंपाकघराचं, दक्षिणेच्या भिंतीत एकच मोठी खिडकी, उत्तरेला सोफा. उजेड खिडकीशी, प्लग टीव्हीशी, आणि माणसांची वाट नेमकी खिडकीखालून. फोनवरच्या अॅपने दुपारी उजेड मोजला: कोपऱ्यात १८० लक्स, खिडकीपासून अडीच फुटांवर ३०००. डोळ्यांना दोन्हीकडे 'बरा उजेड' दिसतो, हीच फसगत.

आधी वाटलं, पेटीला चाकं लावू. दिवसा खिडकीत, रात्री कोपऱ्यात. दोन तास त्यातच गेले. मग लक्षात आलं की एवढी खटपट झाड पडू नये म्हणून केली आणि आता त्याच्याच पायाला चाकं लावतोय. सोडून दिलं.

शेवटी खडू घेऊन बसलो. डिसेंबरात आमच्या वसईत सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या सुमारास, तेव्हासुद्धा तो दक्षिणेला साधारण ४७ अंशांवरच असतो. खिडकीची वरची कड सात फुटांवर आणि तिथेच बाहेर दोन फुटी छज्जा. छज्जाची सावली वरचे दोन फूट खाते, खिडकीचा उंबरठा तीन फुटांवर, म्हणजे ऊन आत येतं ते मधल्या दोनेक फुटांतून. जमिनीवर उन्हाचा पट्टा भिंतीपासून पावणेतीन फुटांवर सुरू होऊन साडेचारच्या थोडा पुढे संपला. आता गंमत बघा: खोड अडीच फुटांवर ठेवलं तर हे तिरपं ऊन खोडाला सव्वादोन फुटांच्या खालीच लागतं. म्हणजे थेट खालच्या मजल्यांना, ज्यांतला एक मी मागच्या वर्षी घालवला! वरच्या भागाला आकाशाचा उजेड पुरतो.

जागा ठरली, पण वाट? झाडाचा घेर चार फूट, म्हणजे भिंतीपासून साडेचार फुटांपर्यंत फांद्या येणार. येता-जाता माणसं घासली की टोकं मोडतात आणि मोडलेलं टोक कायमचं बोडकं. मी झाड इंच-इंच सरकवून बघत होतो. तेवढ्यात ताई म्हणाली, "अरे, लोक खिडकीकडून का जातात? मधे टीपॉय आहे म्हणून." टीपॉय आतल्या खोलीत गेला. बारातून झाडाचे साडेचार आणि सोफ्याचे तीन वजा केले तर मधे साडेचार फुटांची वाट मोकळी. कॅरलवाले गिटार घेऊन आले तरी सरळ आत येतील. एवढे दिवस मी झाडाचीच जागा शोधत होतो.

प्लगचं कोडं त्यामानाने पटकन सुटलं. पुढच्या दाराशी, खिडकीच्याच बाजूला, साडेचार फुटांवर स्विचबोर्ड आहे. त्यातला प्लग घेतला. वायर भिंतीच्या कडेने क्लिपा मारून आणली. वाटेत एकही दार नाही, जमिनीवर काही नाही. कुंडीच्या ताटलीत पाणी सांडतं तिथे एक्स्टेंशन बोर्ड ठेवायचा, ही माझी मागच्या वर्षीची शहाणी कल्पना कृपया कोणी उचलू नका. माळही बदलली. स्वस्तातल्या बऱ्याच माळा थेट २३० व्होल्टवर चालतात, एखादी वायर सोलली गेली की ओल्या फांदीला हात लावायची सोय नाही. आता अॅडॉप्टरवाली कमी व्होल्टची माळ घेतली. तिची शेपटी दीड मीटरच होती, जोडवायर लावून वाढवली. उजेड किंचित मंदावला, पण घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बेत होता की तीन राजांच्या सणानंतर, सहा जानेवारीला झाड लगेच बाहेरच्या ओट्यावर न्यायचं. आता तो बदलतोय. तोच छज्जाचा हिशेब पुढे नेला तर सूर्य जसजसा वर चढेल तसतशी सावली खाली उतरेल आणि फेब्रुवारी संपता संपता ऊन उंबरठ्याच्या आत येणंच थांबेल. म्हणजे तोवर झाड इथेच मजेत राहील. मग बाहेर काढताना आधी दहा-बारा दिवस ओट्याच्या सावलीत, नाहीतर उन्हाने पानं करपतील.

एकच भानगड राहिली. झाड उजेडाकडे झुकू नये म्हणून दर रविवारी पेटी गोणपाटासकट पाव फेरा फिरवायची, वायरला त्यासाठी सैल वेटोळं ठेवलंय. पण तुटलेल्या फांद्यांचं भोक नाताळला भिंतीकडे हवं. आज नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, अजून तीन फेरे बाकी. उलटं मोजून आज भोक स्वयंपाकघराकडे केलंय. पुढच्या रविवारी ते सोफ्याकडे येईल, तिसऱ्या रविवारी थेट पुढच्या दारासमोर आणि चौथ्याला भिंतीकडे. तिसऱ्या आठवड्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी आईने त्या भोकात मोठा चांदणीचा कंदील लटकवायचं ठरवलंय. कंदिलाचं वजन मी अजून काट्यावर बघितलेलं नाही.