आमची वाटचाल: लग्नाच्या व्हिडिओंपासून लिरिक व्हिडिओंपर्यंत

मिरजेत आमचं काम सुरू झालं ते लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगवर. पुढे इथले गायक आणि भजनी मंडळं स्वतःची गाणी यूट्यूबवर टाकू लागली, तशी गाण्याचे शब्द पडद्यावर उमटवणाऱ्या लिरिक व्हिडिओंची विचारणा वाढली. आज निम्मं काम त्याचंच आहे आणि ते उभं आहे एका तक्त्यावर. कुठला शब्द कितव्या फ्रेमला येणार, फाँट कुठला, मागे काय दिसणार, हे त्यात ओळीगणिक लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकानं तो मंजूर केल्यावरच ॲनिमेशनला हात लावतो.

अलीकडच्याच एका भावगीतातली ओळ घ्या: ‘पाऊस आला, अंगण भिजलं’. ताल केरवा, लय मिनिटाला 75 मात्रांची. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या की एका मात्रेला बरोबर 20 फ्रेम येतात. हिशेबानं ‘अंगण’ पाचव्या मात्रेवर, म्हणजे ओळ सुरू झाल्यापासून 80व्या फ्रेमला यायला हवं. पण गायिकेनं ते अर्धी मात्रा उशिरा उचललं होतं, आणि त्या उशिरातच ओळीची गोडी होती. शब्द 80 ला आणला तर तो आवाजाची वाट बघत ताटकळतो. म्हणून वेळ तबल्यावरून न घेता गळ्यावरून घ्यायची. वेव्हफॉर्मवर ‘अं’ 90 ला उमटलेला दिसला, तेव्हा शब्द 87 ला आणला. डोळ्याला तेवढी दोन-तीन फ्रेमची सवड द्यावी लागते.

‘आला’मधला आकार तिनं लांबवला होता. रोमन लिपीत अशा वेळी अक्षरांमधलं अंतर वाढवत नेतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते, आणि एकेक अक्षर वेगळं उडवलं की वेलांट्या, जोडाक्षरं सुटी पडतात. आम्ही शब्द अख्खाच ठेवतो आणि सूर टिकेल तोवर 100 वरून 106 टक्क्यांपर्यंत सावकाश मोठा करतो.

कडव्यांना Tiro Devanagari Marathi हा फाँट घेतला, कारण त्यातले ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत. त्याच्या बारीक रेषा मोबाइलवर फिक्या पडतात, म्हणून धृपदाला जाड Mukta.

मागच्या दृश्यात गिऱ्हाइकाला धो-धो पाऊस हवा होता. पण पावसाच्या उभ्या रेघा काना-मात्रांत मिसळतात, आणि यूट्यूबवर चढवताना व्हिडिओ दाबला जातो तेव्हा तिथेच सगळं फुटतं. त्यांना दोन्ही नमुने शेजारी-शेजारी दाखवले. शेवटी ओली शहाबादी फरशी ठरली, थोडी धूसर, आणि थेंब फक्त खालच्या कडेला.

मग तयार व्हिडिओ साध्या मोबाइलवर 360p ला लावून बघतो. ‘भिजलं’वरचा अनुस्वार तिथे हरवला, तर फरशी आणखी गडद करून पुन्हा रेंडर लावतो.